रेसिप्रॉसिटी ‘जुळत नाही’ म्हणता? अदलाबदलीतल्या या चुका टाळा

‘रेझिस्टरच्या टॉलरन्समुळे दोन रीडिंगमध्ये फरक आला.’ रेसिप्रॉसिटी थिअरमच्या प्रयोगाखाली हे वाक्य मी इतक्या जर्नलांत वाचलंय, की आता नुसतं ‘टॉ’ दिसलं तरी लाल पेन आपोआप हातात येतं. आणि हे वाक्य थोडंथोडकं नाही, पूर्ण चूक आहे.

सिंधुदुर्गात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावरच्या एका तंत्रनिकेतनात मी बरीच वर्षं हा प्रयोग घेतोय. सर्किट अगदी साधं आहे. तीन रेझिस्टर T च्या आकारात जोडायचे: डाव्या हाताला १०० ओहम, उजव्या हाताला २२० ओहम आणि मधला खाली उतरणारा ३३० ओहम. डावीकडे ५ व्होल्टचा सप्लाय लावायचा आणि उजवीकडच्या टोकांत ॲमीटर. रीडिंग घेऊन दोघांच्या जागा बदलायच्या आणि पुन्हा रीडिंग घ्यायचं. दोन्ही वेळा करंट सारखा यायला हवा, थिअरम एवढंच सांगतो.

आधी हिशेब करून ठेवू. १०० × २२० + २२० × ३३० + ३३० × १०० म्हणजे १,२७,६००. वर ५ × ३३० म्हणजे १,६५०. भागाकार १२.९३ मिलिॲम्पिअर. आता सप्लाय उजवीकडे नेऊन हिशेब पुन्हा मांडा: छेदात तेच तीन गुणाकार येतात, फक्त क्रम बदलतो. म्हणून उत्तर तेच. सप्लायमधून निघणारा करंट मात्र सारखा नसतो. पहिल्या मांडणीत तो २१.५५ असतो, दुसरीत १६.८५. सप्लायच्या डिस्प्लेवरचा आकडा उतरवून ‘सर, थिअरम चुकला’ म्हणणारे दर वर्षी दोन-तीन निघतातच. त्यांना मी फक्त बोटाने ॲमीटर दाखवतो.

आता टॉलरन्स. समजा २२० चा रेझिस्टर पाच टक्क्यांनी जास्त, म्हणजे २३१ निघाला. छेद १,३२,३३० होतो आणि करंट १२.४७. हिशेबातल्या १२.९३ शी तो जुळत नाही, कबूल. पण अदलाबदल केल्यावरही १२.४७ च येतो, कारण रेझिस्टर तोच आहे, त्याच जागी आहे. थिअरमला किमतींशी देणंघेणं नाही. डब्यातून डोळे मिटून तीन रेझिस्टर उचललेत तरी दोन रीडिंग एकमेकांशी जुळली पाहिजेत. नाही जुळली, तर अदलाबदलीच्या वेळी तुम्ही जाळंच बदललंत. कुठे बदललंत ते शोधायचं, रेझिस्टरवर खापर फोडायचं नाही.

ॲमीटर म्हणजे नुसती तार नव्हे

ही माझी आवडती चूक, म्हणून सविस्तर सांगतो. काही वर्षांपूर्वी गणपतीच्या सुट्टीआधीचं शेवटचं प्रॅक्टिकल होतं. बाहेर धो धो पाऊस, पोरांचं अर्धं लक्ष घरच्या माटवीकडे, आणि प्रत्येकाला तीनची एसटी गाठायची होती. एक ग्रुप वीस मिनिटांत जर्नल घेऊन हजर. पहिलं रीडिंग १२.९, दुसरं १२.४०. खाली टॉलरन्सचं ते वाक्य सुबक अक्षरात.

‘‘सर, आमचो थिअरम जुळणा नाय,’’ त्यातला एक म्हणाला. ‘‘रेझिस्टर खराब आसा.’’

फरक चार टक्क्यांचा होता. तेवढ्यात मला दिसलं की पहिल्या आकड्यात दशांशानंतर एकच अंक आहे आणि दुसऱ्यात दोन. विचारलं, ‘‘रेंज कोणी फिरवली?’’ मग कळलं. पहिलं रीडिंग २०० मिलिॲम्पिअरच्या रेंजवर घेतलेलं. दुसऱ्या वेळी एकाला वाटलं, आणखी एक अंक मिळाला तर सर खूश होतील, म्हणून त्याने २० ची रेंज लावली.

साध्या डिजिटल मल्टिमीटरमध्ये २०० मिलिॲम्पिअरच्या रेंजला आत साधारण १ ओहमचा शंट असतो, २० च्या रेंजला साधारण १० ओहम. फ्यूजचा आणि वायरींचा रेझिस्टन्स त्यावर आणखी थोडा. म्हणजे पहिल्या वेळी उजव्या हातात १ ओहम वाढला आणि करंट १२.८९ झाला. दुसऱ्या वेळी डाव्या हातात १० ओहम वाढला आणि करंट १२.४० झाला. त्यांचे दोन्ही आकडे अगदी बरोबर होते. फक्त ते दोन वेगळ्या सर्किटांचे होते.

त्यांना परत टेबलावर पाठवलं: दोन्ही रीडिंग २० च्या रेंजवर घ्या. एसटी गेली. आले ते १२.५१ आणि १२.४० घेऊन. फरक एक टक्क्याच्या आत आला, पण गेला नाही. खरी गंमत इथेच आहे. रेंज तीच, मीटर तोच, तरीही फरक. कारण मीटरचे ते १० ओहम आधी २२० च्या हातात होते आणि आता १०० च्या हातात आहेत. पहिल्या मांडणीत हात १०० आणि २३०, दुसरीत ११० आणि २२०. जाळं बदललं ते बदललंच.

माझा उपाय असा. सप्लायच्या सिरीजमध्ये मी १० ओहमचा एक रेझिस्टर (तपकिरी, काळा, काळा) कायमचा डकवून ठेवलाय. सप्लाय जिथे जाईल तिथे तोही जातो. आता दोन्ही हातांत प्रत्येकी १० ओहम जास्त आहेत, एकीकडे मीटरचे आणि दुसरीकडे माझे. जागा कशाही बदला, हात ११० आणि २३० चेच राहतात. छेद १,३७,५०० होतो आणि करंट बरोबर १२.०० मिलिॲम्पिअर, दोन्ही बाजूंनी. त्या ग्रुपला ११.९८ आणि ११.९८ आले. १२.०० का नाही, ते टॉलरन्समुळे. इथे ते वाक्य चालतं, आणि तेव्हा मी ते लिहू दिलं.

मीटरचा रेझिस्टन्स दहाच आहे हे गृहीत धरू नका. करंट चालू असताना दुसऱ्या मीटरने ॲमीटरच्या दोन टोकांतलं व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये मोजा. १२.४ मिलिॲम्पिअरला १२४ मिलिव्होल्ट दिसले तर १० ओहम. १४० दिसले तर ११ च्या वर, म्हणजे बहुधा फ्यूज किंवा जॅकमध्ये काहीतरी आहे. एका मिनिटाचं काम आहे, पण ते करण्याइतका धीर फार थोड्यांना असतो.

काही जण सांगतात, ‘२०० च्या रेंजवरच ठेवा, दोन्ही १२.९ येतात, विषय संपला.’ येतात खरे. आतला आकडा १२.८९ आणि १२.८८ असतो, आणि मीटर दोघांनाही १२.९ म्हणतो. याने थिअरम सिद्ध होत नाही, फरक नुसता चटईखाली सरकतो. मला हा शॉर्टकट मुळीच आवडत नाही.

ॲमीटर काढून व्होल्टमीटर लावणारे

ॲमीटरचा फ्यूज उडाला (कोणीतरी तो थेट सप्लायला लावून उडवतोच) की हुशार पोरं म्हणतात, व्होल्टेजच मोजू. डावीकडे ५ व्होल्ट दिले तर उजव्या टोकांत ३.८४ व्होल्ट दिसतात. जागा बदलल्या की ३.००. फरक बावीस टक्क्यांचा, आणि मग पुन्हा टॉलरन्स!

आदर्श व्होल्टेज सोर्स काढून घेतला तर त्याच्या जागी शॉर्ट उरतो. ॲमीटरही (आदर्श असेल तर) शॉर्टच. म्हणून या दोघांनी जागा बदलल्या तरी मागचं जाळं हलत नाही. व्होल्टमीटर मात्र उघडं टोक आहे. शॉर्टच्या जागी उघडं टोक आलं की डावा हात जोडलेला राहतो की सुटतो, हेच बदलतं. व्होल्टमीटर वापरायचाच असेल तर समोर करंट सोर्स हवा, कारण तो काढल्यावर त्याच्या जागीही टोक उघडंच राहतं. तेव्हा व्होल्टेज सोर्स आणि ॲमीटर ही एक जोडी, करंट सोर्स आणि व्होल्टमीटर ही दुसरी. जोड्या मोडायच्या नाहीत.

याच घरातली आणखी एक चूक: सप्लाय जागेवरच ठेवून नुसता बंद करायचा आणि दुसरा सप्लाय पलीकडे लावायचा. बंद सप्लाय म्हणजे शॉर्ट नव्हे. सप्लाय उचलून बाहेर काढा.

खारी हवा

हे घाटावरच्यांना पटत नाही, पण आमच्याकडे ऑगस्टमध्ये क्रोकोडाइल क्लिपच्या दातांवर हिरवा गंज चढलेला असतो. क्लिप हलवली की कधी अर्धा ओहम, कधी चार ओहम. मजा अशी, की गंजलेला सांधा जाळ्यात स्थिर बसलेला असेल तर थिअरमला तो चालतो, तो आणखी एक रेझिस्टर एवढंच. घोटाळा होतो तो अदलाबदल करताना सांधा हलला की. म्हणून मी पोरांना जाळ्याला हातच लावू देत नाही. दोन्ही टोकांच्या चार वायरी बाहेर काढून टर्मिनलवर घट्ट आवळलेल्या असतात, आणि सप्लाय व मीटरचे प्लग तेवढे इकडून तिकडे जातात. शंका आली तर जागा पुन्हा पहिल्यासारख्या करून तिसरं रीडिंग घ्या. पहिलं आणि तिसरं जुळत नसेल तर सांधा हलतोय, आणि मग दुसऱ्या रीडिंगला काही अर्थ नाही. क्लिप पॉलिश पेपरने घासून पुन्हा सुरुवात.

बाकीच्या चुका किरकोळ. दोन्ही वेळा सप्लायचं व्होल्टेज जोडल्यानंतर मीटरने मोजा, नॉबवरच्या खुणेवर विसंबू नका. सप्लायचा करंट लिमिट नॉब पार खाली असेल तर एका बाजूने तो मध्येच अडवेल आणि दुसऱ्या बाजूने नाही. उणे चिन्ह आलं तर प्लग उलटे आहेत, थिअरम नव्हे.

३३० च्या जागी टॉर्चचा बल्ब लावून ‘खरं सर्किट’ करू नका. दोन्ही मांडण्यांत बल्बमधून वेगळा करंट जातो, फिलामेंट वेगवेगळी तापते, आणि रेझिस्टन्सही वेगळा होतो. डायोडचं तर बोलायलाच नको. ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर लहान सिग्नलला रेषीय असतो हे खरं, पण एकाच दिशेने वाढवतो, म्हणून तोही बाद. रेषीय आणि स्वतः ऊर्जा न देणारं, तरीही हा नियम मोडणारं सर्किट असू शकतं का, असं एका पोरीने विचारलं होतं. असतं. डच अभियंता टेलेजेन याने १९४८ मध्ये मांडलेला जायरेटर तसाच आहे: एका दिशेने गेलं तर अधिक, उलट्या दिशेने तेवढंच पण उणे. आमच्या लॅबच्या कपाटात तो नाही, म्हणून तुमची रीडिंग त्याच्यामुळे बिघडलेली नाहीत. रेंजचा नॉब बघा.