ऑक्टोबरात घेतलेल्या मशीनचा घसारा, दोन्ही पद्धतींनी

अकरावी-बारावीच्या पोरांचं घसाऱ्याचं गणित बहुतेक वेळा दुसऱ्या वर्षी चुकतं, पहिल्या नाही. समजा उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपनं 1 ऑक्टोबर 2022 ला लेथ घेतलं, किंमत 1,80,000 आणि भाडं, फिटिंग धरून वर 20,000, म्हणजे मूळ खर्च 2,00,000 (हे वीस हजार विसरलात की पुढचं सगळंच चुकतं बघा). दर 10 टक्के, वर्ष संपतं 31 मार्चला.

पहिल्या वर्षी सहाच महिने वापर, म्हणून स्ट्रेट लाइन असो की रिड्युसिंग बॅलन्स, दोन्हीकडं घसारा 10,000 आणि शिल्लक 1,90,000. इथं आकडे सेम येतात म्हणून पोरं बिनधास्त होतात आणि पुढं गाडी घसरते.

दुसऱ्या वर्षी स्ट्रेट लाइनला परत मूळ 2,00,000 वरच जायचं, पूर्ण 20,000 लावायचे, शिल्लक 1,70,000. रिड्युसिंगला मात्र 1,90,000 चे 10 टक्के, 19,000, शिल्लक 1,71,000. तिथं कुणी 18,000 लिहिलं असेल तर समजायचं की त्यानं पहिल्या वर्षी बारा महिन्यांचा घसारा कापलाय.

तिसऱ्या वर्षी 20,000 आणि 17,100. आता ताळा असा करा: 31 मार्च 2025 पर्यंत 30 महिने झाले, म्हणजे अडीच वर्षं गुणिले 20,000, बरोबर 50,000, स्ट्रेट लाइनची शिल्लक 1,50,000 यायलाच पाहिजे. रिड्युसिंगला 1,90,000 ला दोनदा 0.9 नं गुणा, 1,53,900 येतात.