टेलर गुपचूप ब्लाउज सैल करून देतो, ती कथा लिहिताय? मग या चुका टाळा

मुलीचं लग्न तोंडावर आलंय, आई नवा ब्लाउज घालून बघायला टेलरकडे येते, ब्लाउज घट्ट होतोय पण ती म्हणते बरोबर बसलाय, आणि टेलर काही न बोलता तो सैल करून देतो. लघुकथेसाठी एवढं पुरेसं आहे आणि मला हा विषय मनापासून आवडतो. पण कच्चे खर्डे वाचताना ही कथा ठरावीक जागी फसलेली दिसते, आणि दरवेळी कारण एकच असतं, लिहिणाऱ्याने बाईंच्या मनाचा खूप विचार केलेला असतो पण ब्लाउजचा केलेलाच नसतो.

पहिली चूक: "त्याने ब्लाउज थोडा सैल केला" एवढ्यावर भागवणं

अख्ख्या कथेत घडणारी गोष्ट हीच एक, आणि तीच एका वाक्यात उरकलेली! मग भरपाई म्हणून टेलरच्या डोळ्यांत पाणी वगैरे आणावं लागतं. त्यापेक्षा तो हाताने काय करतो ते नीट माहीत करून घ्या.

समजा, तयार ब्लाउज छातीत 36 आहे आणि बाईंना आता 38 लागतो. म्हणजे एकूण 2 इंच हवेत. ब्लाउजच्या दोन्ही बाजूंना शिलाई असते आणि प्रत्येक शिलाईत पुढचा आणि मागचा असे दोन भाग जोडलेले असतात, म्हणजे कापडाच्या एकूण चार कडा झाल्या. प्रत्येक कडेतून अर्धा इंच सोडला की 2 इंच मिळाले. चांगल्या टेलरने आत इंचभर माया, म्हणजे शिलाईपलीकडचं जास्तीचं कापड, ठेवलेली असते, त्यातली अर्धी वापरली जाते, अर्धी उरते. बाजूची टीप बहुतेक ब्लाउजना बाहीच्या टोकापासून बगलेतून थेट कमरेपर्यंत एकसलग असते, म्हणून तो आधी बाहेरची नवी टीप पूर्ण मारतो, बगलेत बाहीची जोड जोडीला आली का ते बघतो, आणि मगच आतली जुनी टीप उसवतो. या क्रमाने केलं की कापड हलत नाही. अस्तर असेल तर तेही सोबत सुटायला हवं, अस्तराला माया कमी ठेवली असेल तर सगळं तिथेच अडतं. शेवटी इस्त्री.

सरावाच्या हाताला हे तासाभराचं काम आहे. त्यामुळे रात्रभर जागून डोळे फोडणारा टेलर लिहू नका. तसा लिहिला तर ज्यांना शिवण येतं ते वाचक तिथेच सुटतात, आणि या कथेचे निम्मे वाचक शिवणातलं जाणणारेच असणार.

आणि मर्यादाही माहीत हवी. फक्त बाजूने सोडून फार मोठा फरक काढता येत नाही, कारण छातीला आकार देणारे टक्स जागच्या जागी राहतात आणि बाही जिथे जोडतात तो मुंढा मोठा होत जातो. 4 इंच वाढवले असं लिहाल तर तो ब्लाउज नवीनच शिवावा लागला असता.

दुसरी चूक: ब्लाउज घट्ट का झाला याचं कारणच नसणं

खर्ड्यात बहुतेकदा टेलरचं माप चुकतं नाहीतर "टेन्शनमुळे" म्हणून सोडून देतात. टेलर चुकला असेल तर तो फक्त स्वतःची चूक निस्तरतोय, मग त्याच्या गप्प बसण्याला काय अर्थ राहिला? मला सगळ्यात पटणारं कारण मापाच्या ब्लाउजमध्ये आहे. बाईंनी माप दिलंच नाही, काही वर्षांपूर्वीचा आवडता ब्लाउज मापाला दिला आणि म्हणाल्या अगदी असाच शिवा. टेलरने अगदी तसाच शिवला. म्हणजे ब्लाउज बरोबर आहे, तो घालणारी बाई आता तेवढी राहिली नाही आणि हे तिलाही आतून माहीत आहे. इथे कुणाचीच चूक नाही आणि म्हणूनच बोलणं अवघड आहे.

तिसरी चूक: घाबरलेपणा सांगत बसणं

"तिच्या मनात धाकधूक होती", "तिला अस्वस्थ वाटत होतं", अशी वाक्यं ओळीने येतात. टेलरला तिचं मन दिसत नाही, त्याला चुण्या दिसतात. छातीत घट्ट असेल तर हुकांच्या मधलं कापड फाकतं आणि हुकांकडे आडव्या रेघा ओढल्या जातात. दंडात आणि मुंढ्यात घट्ट असेल तर हात वर करताना अख्खा ब्लाउजच वर चढतो. त्यात बाई श्वास धरून, पोट आत घेऊन आरशासमोर उभ्या असतात, तेवढ्यापुरता ब्लाउज बसतोही, पण बोलायला तोंड उघडलं की खालचा हूक ताणतो. टेलर म्हणतो "ताई, जरा हात वर करून बघा", आणि ताई अर्धाच हात वर करून म्हणतात "हो हो, होतोय की". बास. यापुढे घाबरल्या होत्या असं लिहायची गरज नाही, असेल तर खोडा.

चौथी आणि सगळ्यात मोठी चूक: बाईंना काहीच कळलं नाही असं दाखवणं

मला वाटतं कथा पडते ती इथेच. लिहिणारे "गुपचूप" हा भाग फार शब्दशः घेतात, टेलरने रात्रीत सैल केला, बाईंनी लग्नात घातला, आणि "अरे वा, मी बारीक झाले वाटतं" म्हणून खूश झाल्या. जी बाई आयुष्यभर ब्लाउज घालत आली तिला पहिला हूक लावतानाच कळणार ना! शिवाय पुरावा अंगावरच असतो. रेशमी किंवा सॅटिनच्या कापडावर जुनी टीप उसवली की सुईच्या भोकांची बारीक रेघ राहते, वाफेची इस्त्री आणि नखाने घासून ती पुसट होते पण साध्या सॅटिनवर पूर्ण जाईलच असं नाही. रेघ बगलेखाली येते म्हणून लोकांना दिसत नाही, घडी घालताना तिला नक्की दिसणार.

त्यात बाईंना भोळं दाखवलं की टेलर फार शहाणा आणि बाई बावळट असं होऊन बसतं, एक माणूस दुसऱ्याच्या अंगाबद्दल परस्पर ठरवतोय असाही वास यायला लागतो. म्हणून लिहायच्या आधीच ठरवा की तिला कळलंय. दोघांनाही माहीत आहे आणि दोघंही बोलत नाहीत, मग गप्प राहणं हे दोघांचं मिळून होतं आणि कथेला ताण येतो. टेलरला वेळ काढायला एखादं खरं वाटेल असं कारण द्या:

"ताई, हातशिलाई राहिलीये थोडी, उद्या न्या."

आणि दुसऱ्या दिवशी ती घालून बघते, पडद्याआडून बाहेर येते,

"हातशिलाईचे किती झाले?"

"त्याचे वेगळे घेत नाही ताई."

"बरं. तेवढी माया आहे ना अजून आत, पुढे लागली तर?"

"आहे, अर्धा इंच आहे."

त्या एका प्रश्नात तिने सगळं मान्य केलं आणि काहीच कबूल केलं नाही. इथे आता कुठलंही "ती हसली", "त्याने मान खाली घातली" घालू नका, हात शिवशिवतो पण घालू नका.

शेवटी लग्नच हवंय असं धरून चालणं

मांडव, पाहुणे, आईचे पाणावलेले डोळे, हे दोन पानं वाढवतात आणि कथा टेलरच्या हातून काढून घेतात. लग्न लिहिलंच पाहिजे असं वाटत असेल तर आधी त्याशिवायचा खर्डा कुणाला तरी वाचायला द्या आणि विचारा ब्लाउज कुठून किती सोडला. उत्तर बरोबर आलं तर लग्नाचा भाग काढून टाका. आलं नाही तर लग्न वाढवून उपयोग नाही, परत मशीनवर जा आणि टीप उसवण्याचा परिच्छेद पुन्हा लिहा.