फॉर्म्युला लिहिला पण अट नाही लिहिली: एका पानाच्या शीटमधल्या या चुका टाळा

गड्डा यात्रा संपली की दरवर्षी माझ्याकडं बारावीची पोरं फिजिक्सच्या फॉर्म्युल्यांचा घडी घातलेला एकेक कागद घेऊन येतात, सर जरा बघा की, शीट बरोबर आहे का. मी बघतो. फॉर्म्युले बहुतेक वेळा बरोबरच असतात, पण फॉर्म्युल्याच्या शेजारी काहीच नसतं. युनिट नाही, कधी वापरायचा ते नाही, नुसती अक्षरांची रांग. अशा शीटवर भरवसा ठेवून मार्क गेलेले मी इतक्यांदा बघितलेत की आता सविस्तर लिहूनच टाकतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे अट न लिहिणं, किंवा अर्धी लिहिणं. अर्धी तर जास्त वाईट, कारण पोराला वाटतं आपण अट बघूनच फॉर्म्युला लावलाय. माझ्याकडं एक हुशार पोरगा होता, अक्षर सुंदर, शीट चार रंगात. थर्मोडायनॅमिक्सच्या चौकटीत त्यानं लिहिलं होतं, अ‍ॅडायबॅटिक, `T V^(γ-1) = स्थिर`, आणि पुढं कंसात फक्त "इन्सुलेटेड". मी रविवारच्या टेस्टला गणित दिलं की एका इन्सुलेटेड डब्यात मधे पडदा आहे, एका बाजूला 300 K आणि 8 atm वर हेलियम, दुसऱ्या बाजूला व्हॅक्यूम, पडदा अचानक फुटला आणि गॅसचा व्हॉल्यूम 8 पट झाला, तर शेवटचं टेंपरेचर किती. त्यानं शीट बघितली, इन्सुलेटेड शब्द सापडला, γ = 5/3 घेतला, 8 चा 2/3 घात 4 येतो, 300 भागिले 4, उत्तर 75 K. दोन मिनिटांत. प्रेशरही काढलं, 0.25 atm. आकडेमोडीत एकही चूक नाही आणि दोन्ही उत्तरं चुकीची.

कारण पडद्यापलीकडं व्हॅक्यूम आहे, गॅसला ढकलायला समोर काहीच नाही, म्हणून W = 0. डबा इन्सुलेटेड म्हणून Q = 0. मग पहिल्या नियमानं ΔU पण 0, आणि आयडियल गॅसची इंटर्नल एनर्जी फक्त टेंपरेचरवर असते, म्हणजे टेंपरेचर 300 K च राहणार आणि प्रेशर 1 atm होणार. याला फ्री एक्स्पान्शन म्हणतात. `T V^(γ-1)` वाला फॉर्म्युला काढताना आपण प्रत्येक टप्प्यावर गॅसला एकच ठराविक P आहे असं धरलेलं असतं, आणि पडदा फुटल्यावर मधल्या क्षणी गॅस नुसता उसळत असतो, तिथं "गॅसचं प्रेशर" अशी एक संख्याच नसते. सुरुवात आणि शेवट मात्र शांत असतात, म्हणून त्या दोन टोकांना `PV = nRT` चालतं.

पोरगा म्हणाला, "ओ सर, पण अ‍ॅडायबॅटिक फास्ट असते असंच शिकवतात की." प्रश्न रास्त आहे, आणि इथंच बऱ्याच जणांचा घोळ होतो. सायकलचा पंप जोरात मारला की खालचं टोक गरम लागतं, तिथं फास्ट म्हणजे उष्णता बाहेर निसटायच्या आत. पण दांडा कितीही जोरात दाबला तरी गॅसच्या रेणूंच्या मानानं तो हळूच चालतो, त्यामुळं आतला गॅस प्रत्येक क्षणी सावरलेला असतो. म्हणून अटी दोन आहेत, Q = 0 आणि गॅस सावरत जाईल इतकं हळू. एक लिहून भागत नाही. त्या दिवशी मी त्याला ती चौकट खोडून पुन्हा लिहायला लावली, ती अशी:

```
PV = nRT            Pa, m³, K   आयडियल गॅस, सावरलेला
ΔU = n Cv ΔT        J           आयडियल गॅस, प्रोसेस कुठलीही
W = P(V2-V1)        J           P स्थिर
W = nRT ln(V2/V1)   J           T स्थिर + हळू
T V^(γ-1) = स्थिर    K           Q = 0 + हळू, पलीकडं व्हॅक्यूम असेल तर नाही
```

पाच ओळीच आहेत, पण एकाखाली एक असल्यामुळं गणित वाचताना आपोआप विचार येतो की इथं स्थिर काय आहे. टॉपिकप्रमाणं गट करायचे ते यासाठीच. आणि तो K नुसता शोभेला लिहू नका, 27°C चं हेलियम शेवटच्या ओळीच्या अटी पाळून दाबलं आणि व्हॉल्यूम आठवा हिस्सा केला तर 300 K चे 1200 K होतात, 27 चे 108 होत नाहीत. फरक काढायचा असेल, म्हणजे ΔT, तर सेल्सियस चालतं, गुणोत्तर असेल तर अजिबात नाही.

दुसरी माझी चीड आणणारी चूक म्हणजे एकाच अक्षराचे चार अर्थ एका पानावर आणि कुठंच युनिट नाही. बारावीत T म्हणजे टेंपरेचर, दोलनाचा काळ, दोरीतला ताण, पृष्ठताण, आणि युनिट म्हणून टेस्ला, ते वेगळंच. पोरं म्हणतात संदर्भानं कळतं सर. घरी बसून कळतं, पेपरात तिसऱ्या तासाला नाही कळत. सोनोमीटरचा `n = (1/2l)√(T/m)` घ्या. m म्हणजे तारेचं मास नव्हे, एक मीटरचं मास, kg/m. अर्धा मीटर तार, मास 1 ग्रॅम, ताण 80 N, तर m = 0.002 kg/m, वर्गमुळाच्या आत 40000, n = 200 Hz. सरळ 0.001 घातलं की 283 Hz येतं, आणि ते इतकं खरं वाटतं की कुणाला शंकाही येत नाही. शेजारी kg/m लिहिलं असतं तर हात थांबला असता. मी स्वतः युनिट फॉर्म्युल्याच्या शेवटी न लिहिता ज्या अक्षरावर गोंधळ होतो त्याच्या खालीच पेन्सिलनं लिहितो, आणि पुढं अट, दोन्ही टोकं घट्ट, फंडामेंटल.

बुडबुड्यांचं थोडक्यात सांगतो. साबणाचा बुडबुडा हवेत असेल तर आतलं जादा प्रेशर `4T/r`, कारण पृष्ठभाग दोन. थेंब असो की पाण्यातला हवेचा बुडबुडा, `2T/r`. फॉर्म्युल्याखाली "पृष्ठभाग किती" एवढंच लिहा, "बुडबुडा" शब्द लिहू नका, तोच फसवतो. आणि r ही त्रिज्या, गणितात व्यास देतात.

दुसऱ्याच्या शीटची झेरॉक्स मारून आणू नका, त्यातली अक्षरं वेगळी असतात, फ्रिक्वेन्सीला आपल्या पुस्तकात n आणि त्यात f. सिलॅबस समोर ठेवून सोळा धडे स्वतः चाळायचे, दुसरा शॉर्टकट मला तरी माहीत नाही.

पानात मावत नाही म्हणून अक्षर मुंगीएवढं करू नका, जे काढता येतं ते काढून टाका. रॉडचा मोमेंट ऑफ इनर्शिया मध्यातून `ML²/12` आणि पॅरलल अ‍ॅक्सिसचा नियम लिहिला की टोकाचा `ML²/3` लिहायची गरज नाही. फक्त नियमाशेजारी "एक अक्ष सेंटर ऑफ मासमधूनच" हे लिहायचं. टोकाच्या `ML²/3` मध्ये `M(L/2)²` मिळवून मधला काढणारे मी दरवर्षी बघतो, उत्तर `7ML²/12` येतं, हवं असतं `ML²/12`.

शीट झाली की लगेच लॅमिनेट करायला पळू नका. एक जुना पेपर फक्त ती शीट घेऊन सोडवा, आणि जिथं फॉर्म्युला सापडला पण लावावा की नाही कळलं नाही, तिथं लाल पेनानं अट वाढवा. त्या पोराच्या शीटवर असे अकरा लाल शेरे पडले, त्यातले सहा थर्मोडायनॅमिक्समधले, आणि मग त्यानं ते पान पहिल्यापासून पुन्हा लिहिलं, एकाच रंगात.