करडं पडलेलं काळं प्लास्टिक : या चुका टाळा

इंदूरची तीन-चार उन्हाळी उघड्यावर काढलेली कुठलीही स्कूटर बघा. रंगवलेले पॅनल ठीकठाक असतात, पण त्यांच्यामधलं न रंगवलेलं दाणेदार काळं प्लास्टिक राखेसारखं झालेलं असतं. पायदानाच्या कडा, हँडलखालचा आतला पॅनल, आरशांच्या मागच्या टोप्या, मागचं मडगार्ड, सगळीकडे तीच कळा. मग कोणी खोबरेल तेल लावतो, कोणी धुलाईवाल्याकडून डिझेलचा हात मारून घेतो. दोन दिवस स्कूटर नवी दिसते आणि आठवड्याभरात पूर्वीपेक्षा वाईट.

असं का होतं हे कळलं की निम्म्या चुका आपोआप टळतात. या प्लास्टिकमध्ये काळा रंग आतपर्यंत मुरवलेला असतो आणि तो सहसा उडत नाही. खराब होतो तो पृष्ठभाग. उन्हातल्या अतिनील किरणांनी प्लास्टिकचा अगदी वरचा थर तुटतो, त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा पडतात आणि भुकटी सुटते. त्या खडबडीत थरावर उजेड विखुरतो, म्हणून खालचा काळा रंग आपल्याला करडा दिसतो. तेल किंवा पाणी भेगांमध्ये भरलं की उजेड विखुरणं थांबतं आणि काळं परत दिसू लागतं. तेल उडालं, पुसलं गेलं की भेगा पुन्हा उघड्या.

पहिली चूक : न तपासताच काहीतरी लावणं

धुऊन वाळवलेल्या पॅनलवर ओलं बोट फिरवा. ओला पट्टा गडद काळा झाला आणि वाळल्यावर करडा पडला, तर रंग शाबूत आहे, फक्त वरचा थर बिघडलाय. हे काम घरी होतं. ओलं असतानाही पट्टा करडाच राहिला, तर खराब थर जाड आहे. तिथे पारदर्शक कोटिंग, म्हणजे प्लास्टिकवर बसणारा संरक्षक लेप, लावून फारसा फरक पडणार नाही. घासून बघा, नाहीच जमलं तर काळा रंग असलेला रिस्टोरर किंवा स्प्रे पेंट लागेल.

काही वेळा मात्र ऊन निर्दोष असतं. रंगीत पॅनलच्या कडेलगत, दाण्यांच्या खाचांमध्येच पांढरं दिसत असेल, तर ते वाळलेलं बॉडी पॉलिश आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश, काम झालं. गोल गोल डाग असतील तर ते बोअरच्या जड पाण्याचे क्षार. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन दोन मिनिटं भिजू द्या, मग भरपूर पाण्याने धुवा.

दुसरी चूक : तेल, डिझेल, रॉकेल

डिझेलचा हलका भाग उडून जातो आणि मागे राहतो चिकट थर, ज्यावर रस्त्याची धूळ बसते. शिवाय डिझेल-रॉकेलने आजूबाजूचे रबरी बुश आणि सील फुगतात. खोबरेल तेलाची आणखी एक गंमत आहे. ते साधारण २४ अंशांखाली गोठतं, त्यामुळे डिसेंबरच्या सकाळी तोच पॅनल पांढुरका दिसतो आणि माणूस पुन्हा बाटली काढतो. खरा तोटा पुढे होतो. खाचांमध्ये मुरलेलं तेल पूर्ण काढल्याशिवाय कुठलंही चांगलं कोटिंग तिथे धरत नाही.

तिसरी चूक : धुणं म्हणजे तयारी समजणं

कोटिंग वाया गेल्याच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथे असतं. लावणं पंधरा मिनिटांचं काम, तयारीला दोन तास लागतात. लोक नेमकं उलटं करतात.

उदाहरणार्थ सहा वर्षांची एक स्कूटर घ्या. ऑफिसच्या उघड्या पार्किंगमध्ये रोज एकाच दिशेला तोंड करून उभी असते, डावी बाजू पश्चिमेला. साहजिकच डावीकडचं प्लास्टिक जास्त करडं, उजवीकडचं बरं. अशा वेळी फक्त डावी बाजू करायचा मोह होतो. तो टाळा. कोटिंगनंतर दोन्ही बाजूंचा काळा जुळत नाही आणि समोरून लगेच लक्षात येतं. दोन्ही बाजू एकाच दिवशी करा.

सकाळी सात-आठला, सावलीत काम सुरू करा. ५०० मिली पाण्यात ५० मिली ऑल पर्पज क्लीनर घाला. पॅनलवर मारून मऊ नायलॉन ब्रशने गोल गोल घासा. सुरुवातीला फेस करडा-काळपट निघेल, कारण तुटलेला थर आणि जुनं पॉलिश दोन्ही सुटत असतं. क्लीनर पॅनलवर वाळू देऊ नका. धुवा, पुन्हा मारा, पुन्हा घासा. फेस पांढरा राहायला लागला की थांबा, सहसा दोन-तीन फेऱ्या पुरतात. पॉलिश पेपरला हात लावू नका. दाणेदार पृष्ठभागावरचे दाणे एकदा घासले गेले की परत येत नाहीत आणि तिथे कायमचा गुळगुळीत चट्टा पडतो.

मग वाळवा, आणि नीट वाळवा. पॅनलच्या सांध्यांत आणि स्क्रूच्या खड्ड्यांत पाणी दडून बसतं. कापडाने पुसल्यावर कोरडं वाटतं आणि नेमकं कोटिंग लावताना तिथून ओघळ येतो. स्कूटर एक चक्कर फिरवून आणा, नाहीतर हवेचा पंप मारा. त्यानंतर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मायक्रोफायबर कापडावर घेऊन सगळं पुसा. कापड काळं व्हायचं थांबेपर्यंत बाजू बदलत राहा. अल्कोहोल मीटरच्या पारदर्शक काचेला लागू देऊ नका, ती काच प्लास्टिकची असते आणि तिला बारीक तडे जाऊ शकतात. इंजिन थंड हवं आणि जवळ बिडी-सिगरेट नको, हे वेगळं सांगायला नको.

आता पाण्याचे दोन-चार थेंब टाका. थेंब मण्यांसारखे गोल उभे राहिले तर तेल किंवा सिलिकॉन अजून आत आहे, पुन्हा अल्कोहोल मारा. पाणी पसरलं तर पॅनल तयार आहे. ही चाचणी न करता पुढे जाणं म्हणजे कोटिंगची बाटली नाल्यात ओतणं.

चौथी चूक : जास्त लावणं आणि उन्हात लावणं

शेजारच्या रंगीत पॅनलवर मास्किंग टेप लावा, खाकी पॅकिंग टेप नको, तिचा गोंद राहतो. ट्रिम कोटिंगचे आठ-दहा थेंब स्पंजवर घ्या आणि दोन तळहातांएवढ्या जागेत आधी आडवे, मग उभे हात फिरवा. एक-दोन मिनिटांनी कोरड्या मायक्रोफायबरने जादाचं पुसून घ्या. नेमकी वेळ बाटलीवर असते, पण उन्हाळ्यात ती कमीच धरा. पूर्ण स्कूटरला पाच मिलीच्या आसपास पुरतं. जाड थर दिला तर आतला भाग ओला राहून चिकट होतो, धूळ धरतो आणि ओघळांचे पट्टे उमटतात. गरम पॅनलवर तर द्रव पसरायच्या आधीच जागेवर धरतो आणि हाताच्या फिरण्याच्या रेषा तशाच दिसतात. तळहात पॅनलवर आरामात टेकवता येत नसेल तर काम संध्याकाळवर ढकला.

पट्टे पडलेच तर पहिल्या तासाभरात त्याच कोटिंगचा एक थेंब वर चोळून लगेच पुसल्याने ते बहुधा विरघळतात. दुसऱ्या दिवशी कळलं, तर क्लीनर आणि ब्रशने घासून तेवढा भाग पहिल्यापासून करावा लागतो.

नंतर २४ तास पाणी नको, आठवडाभर शाम्पू नको. म्हणून हे काम पाऊस सुरू व्हायच्या आधी उरकलेलं बरं. इंदूरच्या सियागंज बाजारात किंवा ऑनलाइन मिळणारी पांढरी, दुधाळ, पाण्यावर चालणारी ड्रेसिंगही वाईट नाही, पण ती काही धुलाया टिकते. कोटिंग काही महिने टिकतं. बाटलीवर लिहिलेली मुदत आपल्या उन्हात पूर्ण होईल असं मात्र धरू नका.

पाचवी चूक : हीट गन

व्हिडिओत फार सुंदर दिसतं, गरम हवा फिरली की करडं काळं होत जातं. होतं असं की वरचा थर किंचित वितळून भेगा बुजतात. पण हात एका जागी जरा थांबला की दाणे वितळतात, चकचकीत डाग पडतो, पातळ पॅनल वाकतो. वर तुटलेलं प्लास्टिक तुटलेलंच राहतं, त्यामुळे संरक्षण नसेल तर काही महिन्यांत पुन्हा करडं. स्कूटरवर पेट्रोल टाकी आणि वायरिंग हाताच्या अंतरावर असतात. पॅनल सोडवून बाहेर काढल्याशिवाय हे करूच नये.

सहावी चूक : स्प्रे पेंट थेट मारणं

पॅनल सोडवून आतली बाजू बघा, बाणांमध्ये प्लास्टिकची जात `>PP<` किंवा `>ABS<` अशी कोरलेली असते. पीपीवर साधा रंग धरत नाही, सहा महिन्यांत नखाने सोलून निघतो. त्याला आधी प्लास्टिक प्रायमर, म्हणजे ॲडहिजन प्रमोटर, हवा. त्यावर दोन-तीन पातळ हात द्या, मॅट किंवा सॅटिन काळा. चकचकीत काळा मारला तर प्रत्येक ओरखडा दिसतो. एबीएसवर रंग चांगला धरतो, पण एबीएसचा पॅनल थिनरने पुसू नका, पृष्ठभाग मऊ होऊन चिकट पडतो.

कुठे लावूच नये

पायदानावर पाय ठेवायची जागा, हँडलच्या मुठी, ब्रेकचे लिव्हर, सीट. सिलिकॉनची ड्रेसिंग पायदानाच्या पृष्ठभागावर असली आणि वर पावसाचा बूट पडला की पाय घसरणारच. धुलाईवाले सरसकट फवारा मारतात, त्यांना आधीच सांगून ठेवा. कारमध्ये स्टिअरिंग आणि पेडलना हाच नियम.

कारच्या डॅशबोर्डचं गणित थोडं वेगळं आहे. तिथे पाऊस-चिखल नाही, पण काचेमागे कोंडलेली उष्णता आहे. बाहेरचं ट्रिम कोटिंग आत लावू नका, वास बसतो आणि चकाकी समोरच्या काचेत उमटते. दुपारी गाडी चालवताना काचेत डॅशबोर्डच दिसत राहतो. आतल्या भागासाठीची मॅट ड्रेसिंग घ्या. ती डॅशवर थेट फवारायची नाही, कापडावर घेऊन पुसायची, नाहीतर बटणांत आणि एसीच्या जाळीत जाते. डॅशबोर्ड करडा न होता चिकट झाला असेल, तर वरचा मऊ लेप सुटतोय. त्यावर ड्रेसिंग लावून चिकटपणा वाढतोच.

शेवटी पॅनल अंगठ्याने किंचित दाबून बघा. पृष्ठभागावर जाळीसारखे तडे दिसत असतील, किंवा स्क्रूभोवती प्लास्टिक कुरकुरत असेल, तर तो भाग ठिसूळ झालाय. त्यावर वेळ घालवू नका, नवा पॅनल टाका आणि कोटिंग पहिल्याच दिवशी त्या नव्यावर लावा.