बँक स्टेटमेंट आधी, व्हाउचर नंतर : सोसायटीचा हिशोब सभासदाने कसा तपासावा

सोसायटीचा हिशोब तपासायला बसलं की खजिनदार आधी व्हाउचरची फाइल पुढे ठेवतात. ती फाइल सध्या बाजूला ठेवा. पावतीपुस्तक, कॅशबुक, थकबाकीची यादी, व्हाउचर हे सगळे कागद कमिटीच्याच हातून तयार झालेले असतात. कमिटीच्या हाताबाहेर तयार होणारा कागद एकच, तो म्हणजे बँकेचं स्टेटमेंट. म्हणून तिथून सुरुवात करायची आणि बाकीचे कागद त्याला लावून पाहायचे. उलट दिशेने गेलात तर प्रत्येक व्हाउचरला बिल सापडत जाईल, सगळं ठीकठाक वाटेल, आणि जे पैसे बँकेत आलेच नाहीत ते कधी दिसणार नाहीत.

हे काम वैधानिक लेखापरीक्षकाच्या जागी करायचं नाही. आर्थिक वर्ष संपल्यावर चार महिन्यांत त्यांचं ऑडिट आणि ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा, हे ठरलेलंच आहे. पण लेखापरीक्षक वर्षाचे कागद थोड्या दिवसांत पाहतात. कुठल्या फ्लॅटवाल्याने कधी रोख दिली, पंपाची मोटर नेमकी किती वेळा जळाली, हे तिथे राहणाऱ्यालाच ठाऊक असतं. त्यामुळे दर तिमाहीला एका सभासदाने खजिनदारांबरोबर बसून हा मेळ घालावा. सेक्रेटरींना आधी लेखी पत्र द्या, कागद कार्यालयातच पाहा, आणि मूळ कागदावर पेन चालवू नका. खुणा आपल्या झेरॉक्सवर करायच्या.

उदाहरणासाठी सांगलीत विश्रामबागेकडची २४ फ्लॅटची एक सोसायटी धरू. आकडे नमुन्याचे आहेत. मेंटेनन्स महिना १,५०० रुपये, बिल तिमाहीचं, म्हणजे फ्लॅटमागे ४,५००. आपण एप्रिल ते जूनची तिमाही तपासतोय.

स्टेटमेंट कुठून आलं ते बघा

सेक्रेटरींनी टाइप करून दिलेला एक्सेलचा तक्ता हे स्टेटमेंट नव्हे. शाखेतून शिक्का मारून घेतलेली प्रत किंवा बँकेकडून थेट ईमेलवर आलेली पीडीएफ, एवढंच चालतं. ते आकडे तक्त्यात उतरवले की पहिली तपासणी शिलकेची. समजा E रकान्यात काढलेली रक्कम, F मध्ये जमा आणि G मध्ये बँकेने छापलेली शिल्लक आहे. दुसऱ्या ओळीत सुरुवातीची शिल्लक घ्या आणि H रकान्यात तिसऱ्या ओळीपासून खालपर्यंत हे सूत्र ओढा:

```
=ROUND(G2+F3-E3-G3,2)
```

उत्तर प्रत्येक ओळीत शून्य यायला हवं. एखाद्या ठिकाणी शून्य आलं नाही, तर तुमचा आकडा उतरवताना चुकलाय किंवा मधली ओळ, कधी कधी मधलं पानच गायब आहे. ही साखळी जुळेपर्यंत पुढे जाऊ नका. आणि सोसायटीच्या नावावर एकूण किती खाती आणि ठेवी आहेत, ते लेखी विचारा. जिल्हा बँकेत एक चालू खातं असतं आणि जुन्या कमिटीने उघडलेलं दुसरं खातं विस्मरणात गेलेलं असतं, असं पुष्कळ ठिकाणी आढळतं.

वसुली किती यायला हवी होती?

पावत्या मोजण्याआधी हा आकडा कागदावर मांडा. १ एप्रिलची थकबाकी १३,५००. तिमाहीची आकारणी २४ गुणिले ४,५००, म्हणजे १,०८,०००. दोन्ही मिळून १,२१,५००. सेक्रेटरींच्या यादीप्रमाणे ३० जूनची थकबाकी १८,०००. म्हणजे या तीन महिन्यांत १,०३,५०० रुपये वसूल झालेच असले पाहिजेत. पावतीपुस्तकाची बेरीजही तेवढीच भरते. इथवर सगळं सोसायटीच्या स्वतःच्याच कागदांवर जुळतं. खरी परीक्षा बँकेपाशी आहे.

थकबाकीच्या यादीवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नका. यादीतल्या दोन-तीन घरांत जाऊन विचारा. पैसे भरल्याची पावती घरात आहे आणि नाव थकबाकीत आहे, असं निघालं तर ते फार गंभीर. कारण मग ती पावती पुस्तकातून फाडलेली असते, पण हिशोबात आलेली नसते. यासाठीच पावत्यांचे क्रमांक सलग आहेत का आणि रद्द केलेल्या पावतीची मूळ प्रत पुस्तकात चिकटवलेली आहे का, ते पानागणिक बघायचं.

बँकेत किती आली?

आपल्या नमुन्यात जमा रकान्याची बेरीज ९९,९०० आहे. तिला तशीच वसुली मानू नका. त्यात ९०० रुपये ठेवीवरचं व्याज आहे. ६ मे रोजी जमा झालेला ४,५०० चा एक चेक ८ मे रोजी परत गेला आणि त्या सभासदाने १४ मे रोजी तेच पैसे ऑनलाइन भरले. परत गेलेला चेक आधी जमेत दिसतो, मग खर्चाच्या बाजूला `CHQ RTN` अशा नोंदीने बाहेर पडतो. नुसती जमा बाजू मोजली की तो दोनदा धरला जातो. व्याज आणि हा चेक वजा केल्यावर मेंटेनन्सचे उरले ९४,५००.

यूपीआयने आलेल्या नोंदींत बऱ्याचदा सभासदाचं नाव नसतं. भाडेकरूचं असतं, पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाचं असतं. अशी नोंद अंदाजाने कुणाच्या नावावर टाकू नका. तिची तारीख आणि रक्कम वेगळ्या यादीत ठेवा आणि पावती क्रमांक मिळाल्यावरच खूण करा. कुणी "मी सेक्रेटरींच्या नंबरवर पाठवले" असं सांगितलं, तर ते पैसे सोसायटीच्या खात्यात नेमके कोणत्या तारखेला वळते झाले ते शोधा. वसुली वैयक्तिक खात्यात घेणं हेतू चांगला असला तरी बंदच व्हायला हवं, त्याने हिशोबाचा मागच पुसला जातो.

फरकाचा माग

यायला हवे होते १,०३,५००, आले ९४,५००. फरक ९,०००. या ठिकाणी आवाज चढवायचा नाही, पावत्या एकेक करून स्टेटमेंटला लावत जायचं. मागच्या मार्चमधल्या पावतीचे पैसे एप्रिलमध्ये जमा झाले असतील तर तेही आधी बाजूला काढावे लागतात. आपल्या नमुन्यात तसं काही नाही.

खूण न झालेल्या दोनच पावत्या उरल्या. पहिली ४,५०० ची, चेकने. चेक ३० जूनला बँकेत भरला, जमा झाला २ जुलैला. पुढच्या महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये तो दिसला की हा विषय संपला. हा फक्त तारखेचा फरक आहे.

दुसरी पावती क्रमांक १४७, २४ जून, रोख ४,५००. ती बँकेत कुठेच नाही. "सर, १४७ नंबरची रक्कम बँकेत दिसत नाही, जरा कॅशबुक बघूया की," एवढं म्हणून कॅशबुक उघडायचं. तिथे २४ जूनला ४,५०० जमा, २५ जूनला पंपाच्या मोटरच्या वाइंडिंगसाठी ४,२०० खर्च आणि शिल्लक ३०० अशी नोंद सापडते. बेरीज-वजाबाकी चोख आहे. बहुतेक तपासण्या इथेच थांबतात, आणि ते बरोबर नाही.

वसुलीची रोकड आधी पूर्ण बँकेत भरायची आणि किरकोळ खर्चासाठी लागणारी रक्कम वेगळी काढायची, ही पद्धत मोडली की तो खर्च स्टेटमेंटच्या नजरेआड जातो. रोखीने किती खर्च करता येतो, हातात किती रोकड ठेवता येते, याच्या मर्यादा तुमच्या उपविधीत आहेत. ते पान उघडून ४,२०० त्यात बसतात का, ते पाहा.

आता व्हाउचर

खर्चाच्या बाजूची प्रत्येक नोंद घ्या आणि तिला व्हाउचर, व्हाउचरला मूळ बिल, आणि मोठ्या खर्चाला कमिटीच्या सभेतला ठराव लावा. महावितरणचं बिल, महापालिकेची पाणीपट्टी, लिफ्टची वार्षिक देखभाल यांत फारसं काही निघत नाही. ग्राहक क्रमांक सोसायटीचाच आहे ना, एवढं पाहून पुढे जा. बँकेतून ठेवीत वळवलेली रक्कम खर्च नसते, तिच्यासमोर ठेवपावती असावी. वेळ द्यायचा तो दुरुस्ती, रंगकाम, टँकर आणि `SELF` म्हणून काढलेल्या रकमांना.

या नमुन्यात १९ जूनला एका वाइंडिंगच्या दुकानाला एनईएफटीने ४,२०० गेलेले दिसतात. व्हाउचर क्रमांक २७, त्याला १८ जूनचं मूळ बिल. आणि रोखीचं ४,२०० चं व्हाउचर क्रमांक ३१, त्याच दुकानाचं, त्याच कामाचं. दोन्ही शेजारी ठेवा. ३१ ला बिल नाही, कोटेशन आहे. त्यावर लिहिलेला मोटरचा क्रमांक २७ च्या बिलावरचाच आहे, आणि कोटेशनची तारीख बिलाच्या आधीची. पैसे मिळाल्याची दुकानदाराची सही ३१ वर नाही. फक्त सेक्रेटरींची आहे.

म्हणजे एकाच कामाचे पैसे दोनदा खर्ची पडलेत, किंवा मोटर आठवड्यात पुन्हा जळाली आणि दुसरं बिल आणायचं राहिलं. पावसाळ्याच्या तोंडावर दुसरी शक्यताही खोटी नसते, म्हणून मनाने निकाल देऊ नका. दुकानातून सोसायटीच्या नावाचा खातेउतारा मागवा. त्यात एकच काम आणि एकच जमा निघाली तर ४,२०० परत यायला हवेत, आणि दोन कामं निघाली तर दुसऱ्या कामाचं बिल.

हे सगळं एका पानावर लिहा: पावती १४७, कॅशबुकातली तारीख, व्हाउचर २७ आणि ३१, दुकानाचा उतारा, आणि खजिनदारांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत. "अफरातफर" हा शब्द त्या पानावर नको, कागदांत जे दिसतं तेवढंच लिहायचं. हे पान पुढच्या कमिटी सभेत वाचून इतिवृत्तात घ्यायला सांगा. रक्कम परत आली तर ती बँकेतच भरली जावी, कॅशबुकात नुसती जमा दाखवून भागत नाही, आणि उरलेले ३०० सुद्धा त्याच भरण्यात जावेत. पुढच्या तिमाहीच्या स्टेटमेंटमध्ये ४,५०० ची ती जमा आणि ४,५०० चा २ जुलैचा चेक, या दोन नोंदींवर सर्वांत आधी खूण करायची. पानाची एक प्रत लेखापरीक्षकांसाठी ठेवा. त्यांच्या अहवालात हा मुद्दा आला, तर दोष दुरुस्ती अहवालात उत्तर द्यायला कमिटीला तेच पान लागेल.