अपडेटनंतर ऑप्टिमायझेशनवर अडकलेला फोन : तयारीची यादी

अपडेटनंतर फोन सुरू होताना Optimizing app 38 of 146 अशी ओळ दिसते, तेव्हा फोन एकेका ॲपचा कोड नव्या आवृत्तीसाठी पुन्हा तयार करीत असतो. २०१६च्या अँड्रॉइड ७ पासून हे काम बहुतेक फोनांत पडद्याआड होते, तरी काही कंपन्यांच्या फोनांवर हा पडदा अजूनही दिसतो. प्रोसेसरवर ताण येऊन फोन तापतो आणि तापला की स्वतःच मंदावतो. म्हणून जळगाव-भुसावळकडच्या मे महिन्यात अपडेट दुपारी न टाकता रात्री टाकावे, कव्हर काढून फोन पंख्याखाली ठेवावा आणि लाइट जाण्याची वेळ टळल्यावरच चार्जर लावून सुरुवात करावी. त्याआधी फोटो व व्हॉट्सॲपचा बॅकअप घ्यावा, काही जीबी जागा मोकळी करावी आणि गुगल खात्याचा पासवर्ड कागदावर लिहून ठेवावा.

किती वेळ थांबायचे, हे आकड्यावरूनच ठरवावे. सात वाजता ३८ आणि सात वाजून दहा मिनिटांनी ६१ दिसले, तर दहा मिनिटांत २३ ॲप झाली. उरलेल्या ८५ ना सुमारे ३७ मिनिटे लागतील आणि तोवर फोनला हात लावू नये. मोठ्या ॲपवर आकडा काही मिनिटे रेंगाळतो, त्यात काळजीचे काही नाही. मात्र तोच आकडा अर्धा तास हलला नाही, तर फोन अडकला असे समजावे. फोन फार गरम असेल, तर आधी तो थंड होऊ देऊन आणखी थोडी वाट पाहावी.

त्यानंतर सॅमसंगसारख्या फोनांत पॉवर आणि आवाज कमी करण्याचे बटण एकत्र, तर काही फोनांत नुसते पॉवरचे बटण, फोन बंद होऊन पुन्हा सुरू होईपर्यंत, दहा-वीस सेकंद दाबून ठेवावे. काही ॲप मेमरी कार्डावर हलवलेली असतील, तर ते कार्ड काढूनच फोन सुरू करून पाहावा. खराब कार्ड हे अडकण्याचे एक कारण असते. पुन्हा नेमक्या त्याच आकड्यावर थांबला, तर एखाद्या ॲपवर संशय घ्यावा. दर वेळी वेगळ्या आकड्यावर थांबत असेल, तर जागेची टंचाई किंवा उष्णता आधी तपासावी.

तरीही सुरू न झाल्यास रिकव्हरी मेनू उघडावा. बऱ्याच फोनांत त्यासाठी फोन बंद असताना पॉवर आणि आवाज वाढवण्याचे बटण एकत्र दाबतात. अलीकडच्या सॅमसंग फोनांत मात्र केबलने संगणक जोडलेला असावा लागतो. मेनूत Wipe cache partition असेल तर ते आधी करावे, त्याने फोटो किंवा ॲपची माहिती जात नाही. सॅमसंगमध्ये Repair apps हा पर्यायही असतो, तो ॲप पुन्हा नव्याने ऑप्टिमाइझ करतो. Wipe data/factory reset हा शेवटचा उपाय आहे, कारण तो फोनमधले सर्व काही पुसतो आणि नंतर सुरू करताना जुन्या गुगल खात्याचा पासवर्ड मागतो. बॅकअप नसेल, तर हा पर्याय स्वतः निवडण्याआधी फोन कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात दाखवावा. तिथेही दुरुस्तीपूर्वी डेटा पुसला जाणार का, हे विचारूनच फोन हवाली करावा.