डॅशबोर्डवरच्या लाइटचा नुसता फोटो आला? या चुका टाळा

गोव्यातल्या साखळी गावात माझं गॅरेज असल्यामुळे असे फोटो मला आठवड्याला दोन-चार तरी येतात. पेटलेला लाइट असतो, खाली एक अक्षर नसतं. पाठवणाऱ्याला वाटतं, चित्र बघून मेस्त्रीला सगळं कळेल.

गेल्या पावसाळ्यात रविवारी संध्याकाळी शेजारच्या मुलाच्या नंबरवरून असाच एक आला. लाल वर्तुळ, मध्ये उद्गारचिन्ह. हा ब्रेकचा लाइट. निम्म्या वेळा हँडब्रेक अर्धवट ओढलेला राहतो म्हणून तो पेटतो, त्यामुळे मी सवयीने लिहायला घेतलं, ‘हँडब्रेक नीट सोड.’ पाठवण्याआधी फोटो मोठा केला आणि हात थांबला. स्पीडचा काटा चाळीसवर होता.

पहिली चूक हीच, फक्त लाइट बघणं. त्याच फोटोत बाकीचे काटेही असतात. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा शून्यावर आणि बॅटरी, ऑइल, चेक इंजिन असे सगळे दिवे एकदम पेटलेले असतील, तर बहुतेक वेळा नुसती चावी फिरवलेली असते, काही बिघडलेलं नसतं. इथे मात्र गाडी धावत होती, आणि फोटो बाजूला बसलेल्या त्याच्या बायकोने काढला होता. मी तिला फोन लावला, त्याला नाही. चालवणाऱ्याच्या हातात फोन जाऊ नये.

“कुठे आहात?”

“चोर्ला घाट उतरतोय काका, केरी अजून यायचंय.”

दुसरी चूक इथे होते, आणि ती जीवावर बेतू शकते. लाल लाइट म्हटलं की लोक सांगतात, ‘इंजिन लगेच बंद कर.’ ऑइलच्या किटलीसारखा लाल दिवा असेल तर ते बरोबर आहे, पण गाडी बाजूला थांबवल्यावर. उतारावर धावत्या गाडीचं इंजिन बंद केलं तर ब्रेकला मिळणारी मदत एक-दोनदा दाबण्यापुरतीच उरते, मग पेडल दगडासारखं घट्ट होतं. पॉवर स्टिअरिंगही जड होतं. चावी पार मागे फिरवली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. म्हणजे गाडी चढावर आहे, उतारावर आहे की उभी आहे हे विचारल्याशिवाय तोच सल्ला कुणाला वाचवेल आणि कुणाला दरीत घालेल, सांगता येत नाही.

म्हणून दुसरा प्रश्न पेडलचा. दाबल्यावर घट्ट लागतं की खाली जातं? तो म्हणाला घट्ट आहे. मग सांगितलं, दुसऱ्या गिअरवर ये, सपाट रुंद जागा मिळाली की थांब, हॅझर्ड लाव, इंजिन त्यानंतर बंद कर. पेडल खाली जात असतं तर भराभर पंप करायला, गिअर एकेक खाली आणायला आणि हँडब्रेक हळूहळू ओढायला सांगितलं असतं. झटक्यात ओढला तर ओल्या रस्त्यावर मागची चाकं घसरतात.

घाटात मधेच रेंज जाते. फोटो पंधरा मिनिटांनी पोचलेला असू शकतो, म्हणून ‘आता गाडी कुठे आहे’ हेसुद्धा विचारायचं.

केरीला पोचून त्याने बॉनेट उघडलं. हँडब्रेक पूर्ण खाली होता, ब्रेक ऑइल मात्र MIN च्या रेघेच्या किंचित खाली. “दुकानातून बाटली घेऊन ओतू?” तिसरी चूक. ब्रेकचं ऑइल इंजिन ऑइलसारखं जळून कमी होत नाही. ते कमी झालं तर एक तर कुठे गळतंय, नाहीतर ब्रेक पॅड झिजलेत. पॅड झिजले की कॅलिपरचा पिस्टन बाहेर येतो आणि मागची जागा ऑइल भरून काढतं, त्यामुळे टाकीतली पातळी उतरते. काठावरची पातळी असेल तर उतारावर ऑइल कलंडून लाइट लुकलुकतोही. वरून ओतलं की लाइट विझतो, कारण तसंच राहतं.

त्याला चारही चाकांच्या आतल्या बाजूला टॉर्च मारायला लावलं. ओल होतीच, पाऊस पडत होता. पाणी की ऑइल, हे बोटाने कळतं: ऑइल बुळबुळीत लागतं. तसं काही नव्हतं. तरीही लाल लाइटवर पुढे चालवू नको म्हटलं, आणि सामान घेऊन मीच गेलो.

पुढचं चाक काढलं. आतल्या पॅडवर दोन मिलिमीटरही माल उरला नव्हता. नवीन पॅड बसवायला पिस्टन मागे दाबला, तसं टाकीतलं ऑइल डोळ्यांसमोर वर चढत MAX जवळ आलं. बाटली न उघडताच लाइट विझला. दुकानातली बाटली ओतली असती तर तेवढं ऑइल टाकीतून उतू जाऊन बॉनेटखालचा रंग सोलवटत बसलं असतं.